मेलं तर दुसरं

दुसऱ्यांच्या धंद्याची किंमत काढून देणं हे माझं काम आहे आणि ते मला बरं जमतं. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझं सीएचं ऑफिस आहे. अठरा वर्षांत मी एक बर्फाचा कारखाना, दोन मेडिकलची दुकानं, एक बेकरी आणि एक वाजंत्रीवाल्यांची मंडळी यांचे आकडे काढून दिलेत, आणि प्रत्येक मालकाला माझा आकडा कमीच वाटलाय. मालकाला स्वतःची मागची तीस वर्षं दिसतात, घेणाऱ्याला पुढची पाच. हे वाक्य मी सगळ्यांना ऐकवते, आणि खोटं कशाला बोलू, जरा तोऱ्यातच ऐकवते.

जुलैत बाबांचा फोन आला. "भार्गवी, कलमवाडी घ्यायला कोणीतरी तयार झालाय. किती सांगू?"

आमची कलमवाडी पावसच्या पुढे, पूर्णगडच्या रस्त्याला. आजोबांनी सुरू केली. हापूसची कलमं तयार करून विकायची, एवढाच धंदा. पावसाळ्यात कोयी रुजवायच्या, रोपाला तांबूस पानं आली की ते कापून त्यावर जातिवंत झाडाची काडी बांधायची, जगतील ती कलमं पुढच्या वर्षी विकायची. बाबा, म्हणजे गोपाळकृष्ण बेहेरे, एकाहत्तर वर्षांचे. ते गिऱ्हाइकं आणि माणसं सांभाळतात. आई, कमला बेहेरे, सहासष्टची. ती रोज सकाळपासून पाटावर बसून कलमं बांधते आणि संध्याकाळी वही लिहिते. मी एकुलती एक. मला कलम बांधता येत नाही, फक्त त्याची किंमत काढता येते.

विकायचं कारण बाबांनी सांगितलं ते गुडघे. "आता वाकवत नाही गं," म्हणाले. मी विश्वास ठेवला. कोकणात गुडघ्यांवर कोणीही विश्वास ठेवतो.

"किती हवेत तुम्हाला?" मी विचारलं. हा प्रश्न मी कुठल्याही अशिलाला विचारत नाही. त्याला किती हवेत याचा किमतीशी काही संबंध नसतो.

"पस्तीस लाख. बँकेत ठेवले की महिना वीस हजार येतात. दोघांचं भागतं. तुझ्याकडून घ्यायला नकोत."

"माझ्याकडून घेतलेत तर काय बिघडेल?"

"काही नाही बिघडणार. पण घेणार नाही."

पेन्शन नाही, दुसरी मिळकत नाही. जमीन आणि राहतं घर विकायचं नव्हतं, जमीन भाड्याने द्यायची होती. उरला तो धंदा. तो पस्तीसला गेला तर माझे आईबाप स्वतःच्या पैशाने जेवणार होते, नाही तर नव्हते.

मी आईच्या वह्या मागवल्या आणि तीन वर्षांची सरासरी काढली. वर्षाला चाळीस हजार कलमं विकली जातात, सरासरी एकशे दहा रुपयांनी. चव्वेचाळीस लाख आले. मजुरी, माती, पिशव्या, कोयी, खत, औषधं धरून खर्च अठ्ठावीस लाख. उरले सोळा.

"मग सोळा लाख नफा," बाबा म्हणाले. मी घरी गेले होते आणि ते समोर बसून माझ्या लॅपटॉपकडे मांजराने ताटाकडे बघावं तसे बघत होते.

"नाही. तुमचा पगार कुठाय यात?"

"मी मालक. मला कसला पगार?"

"तुम्ही गेल्यावर त्यांना माणूस ठेवावा लागेल ना? त्याचे महिना वीस हजार. आईच्या जागी कलम बांधणारी आणि वही लिहिणारी, तिचे पंधरा. जमिनीचं भाडं वर्षाला ऐंशी हजार. ते सगळं जाऊन खरा नफा अकरा लाख."

आई आतून आली, हात पुसत. "मला पंधरा आणि ह्यांना वीस होय?" एवढंच म्हणाली आणि परत गेली. बाबा हसले नाहीत. पंचेचाळीस वर्षं जे कमावलं असं वाटत होतं त्यातला बराचसा भाग ही दोघांची न घेतलेली मजुरी होती. मी हे बर्फवाल्याला सांगितलं होतं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं.

घेणारी कंपनी पुण्याची. त्यांच्या चार रोपवाटिका आधीच होत्या. त्यांच्या वतीने सलिल नावाचा माणूस बोलत होता. तिशीतला, नम्र, आणि आकड्यांत पक्का. असा माणूस समोर असला की मला बरं वाटतं. त्याने खरा नफा अकरा लाख हा हिशेब मान्य केला. आता प्रश्न राहिला किती पट. धंदा जेवढा भरवशाचा तेवढ्या जास्त वर्षांचे नफे घेणारा आज मोजून देतो. मी चार पट धरली होती, म्हणजे चव्वेचाळीस लाख, शेडनेट, पंप, पिशव्यांतली रोपं आणि परवान्यासकट. सलिलने तीन पट धरली. तेहतीस.

"मॅडम, तुमची मर जास्त आहे," तो फोनवर म्हणाला. मर म्हणजे बांधलेल्यांपैकी मेलेली कलमं. "वर्षाला चौसष्ट हजार बांधता आणि चाळीस विकता. चोवीस हजार मर, म्हणजे साडेसदतीस टक्के. आमच्याकडे तीसच्या आसपास असते. एक तर रोग आहे किंवा हात कच्चा आहे. दोन्हींत आम्हाला धोका."

आईचा हात कच्चा. हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं. तिच्या हातची कलमं बघायला लोक दापोलीहून येतात. तेहतीस म्हणजे पस्तीसच्या खाली दोनच लाख. तिथेच गप्प बसून थोडं वर ओढलं असतं तर कदाचित काम झालं असतं. पण मला हिशेबात चूक खपत नाही आणि आईला नावं ठेवलेली तर त्याहून खपत नाहीत. त्याच संध्याकाळी मी स्कूटर घेऊन पावसला गेले.

"आई, चोवीस हजार मरतात तुझी?"

"कोण म्हणतं?"

"तूच. वहीत लिहिलंयस."

 बाबा लांब वाडीत आहेत ना ते बघून ती म्हणाली, "त्यातली पाच हजार मेलेली नसतात. ती बदली दिलेली. मी लिहित्ये आपली मर म्हणून."

आमच्याकडचा रिवाज मला माहीत होता, पण तो वहीत कुठे जातो हा विचार मी कधी केला नव्हता. आजोबांनी कलम विकताना प्रत्येकाला एक शब्द दिला होता: मेलं तर दुसरं न्या. एक वर्ष, दोन वर्षं अशी मुदत नाही. पावती नको. मेलेलं कलम उपटून दाखवायला आणायचं, एवढीच अट. आजोबा, आणि नंतर बाबा, ते सुरीने उभं चिरून बघतात, का मेलं ते गिऱ्हाइकाला सांगतात, आणि दुसरं देतात. पैसे नाहीत. आणि बदली दिलेलं वहीत लिहायचं नाही, हा आजोबांचा नियम. दिलेला शब्द पाळला याची नोंद करणं त्यांना हलकं वाटायचं. पण पिशव्या तर मोजून जुळायला हव्यात. म्हणून आधी आजी आणि मग आई, दोघींनी तो आकडा मुकाट्याने मरीत घातला. साठ वर्षं आमच्या घरातल्या बायका जिवंत कलमं मेलेली म्हणून लिहीत आल्या होत्या.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. खरी मर एकोणीस हजार, तीस टक्क्यांच्याही आत. आईचा हात कच्चा नव्हता. मी तिथूनच, तुळशीपाशी उभी राहून, सलिलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "हे फार चांगलं झालं मॅडम. मग चार पट द्यायला हरकत नाही." मी जिंकले होते. तेवढ्यात तो म्हणाला, "पण ही बदलीची हमी नेमकी किती कलमांना लागू आहे?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मी ती स्वतः होऊन उघडली होती.

पुढच्या आठवड्यात तो वाडी बघायला आला. आई पाटावर बसून बांधत होती, बाजूला रामा आणि दीपाली, आमची जुनी माणसं. सलिल तिच्या हातांकडे पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "मी चुकलो होतो." बाबा खूश झाले. मी मात्र खूश नव्हते, कारण त्याच्या वहीत वर 'हमी' असं लिहून एक पान कोरं ठेवलेलं मला दिसत होतं.

त्याच वेळी फाटकाशी भिकाजी आला. बुरोंडीचा म्हातारा, पहाटेची एसटी धरून निघालेला. सलिल आणि मी पडवीत बसलो होतो, तिथून तो दिसत होता. हातात गोणपाट, त्यात वाळकी कलमं. पण आत येईना. फाटकाशी उभा राहिला, मग समोरच्या टपरीवर जाऊन बसला, परत आला. अर्ध्या पाऊण तासाने बाबांनीच हाक मारली.

"दोन कलमां गेली अन्ना," भिकाजी म्हणाला. "तीन वरसांची हुती. मागाया लाज वाटते. माजीच चूक हाय, पानी कमी पडलां." आणि कलमांच्या आधी त्याने सुक्या बांगड्यांची पुडी बाबांच्या हातात ठेवली.

बाबांनी कलम चिरलं, वास घेतला, म्हणाले, "पाणी नव्हे हो, बुंध्याला भिरूड लागलंय, अळीने आतून पोखरलंय," आणि त्याला दोन नवी कलमं निवडून दिली. पैशाचा विषय निघाला नाही.

सलिलने हे सगळं पाहिलं. भिकाजी गेल्यावर त्याने मला विचारलं, "तीस वर्षांत किती कलमं विकली असतील?"

"आठ-नऊ लाख." मग मी वकिली सुरू केली. "पण बदलीचा खर्च नफ्यात आधीच धरलेला आहे. ती पाच हजार कलमं बनवायला लागलेली मजुरी, माती, पिशव्या त्या अठ्ठावीस लाखांत आहेत. परत वजा केलीत तर एकच गोष्ट दोनदा धरल्यासारखं होईल."

"बरोबर," तो म्हणाला. "पाच हजारांचा खर्च मी परत धरणारच नाही. पण मॅडम, आता बघितलंत ना तुम्ही? तो माणूस अर्धा पाऊण तास फाटकाबाहेर उभा होता. त्याला लाज वाटत होती. पाच हजार हा आकडा लोक किती कलमं मरतात यावर ठरलेला नाही, लोक तुमच्या बाबांना किती लाजतात यावर ठरलाय. आमची पाटी लागली की कोण लाजणार? कंपनीकडे मागायला कोणाला लाज वाटते?"

 अठरा वर्षांत पहिल्यांदा समोरच्याने माझ्या अशिलाच्या धंद्यात अशी गोष्ट पाहिली होती जी मला दिसायला हवी होती. आमच्या घराचा भला स्वभाव हा त्याच्या वहीत धोका म्हणून गेला, आणि त्याचं चुकलं नव्हतं.

त्याने दोन वाटा ठेवल्या. पहिली: वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची की जुन्या कलमांची हमी आता संपली, नव्या कलमांना एक वर्षाची. मग चव्वेचाळीस लाख पूर्ण. दुसरी: हमी चालू ठेवायची, पण जास्तीच्या बदलीचा खर्च किमतीतून वजा.

बाबांना मी पहिली वाट समजावून सांगितली. चव्वेचाळीस म्हणजे पस्तीसपेक्षा नऊ जास्त. कायद्यानेही त्यात काही गैर नव्हतं. ते ऐकत होते आणि भिकाजीच्या चिरलेल्या खोडातलं भिरूड काडीने काढत होते.

"नोटिशीखाली सही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची."

"मी जिवंत असेपर्यंत नाही."

"बाबा, नऊ लाखांचा प्रश्न आहे."

"मी मेल्यावर कोणी काय करायचं ते करा. पण मी जिता आहे आणि माणूस फाटकातून परत गेला, असं नको."

मी चिडले. बरंच बोलले. आजोबांनी शब्द फुकट दिला आणि त्याची किंमत तुम्ही भरताय, लोकांना त्याचं काही नाही, भिकाजीला ना तुमची बँक माहीत ना तुमचे गुडघे, असलं काहीबाही. बाबांनी वाद घातला नाही. ते वाद घालत नाहीत तेव्हा आपण हरलेले असतो.

मी सलिलला कळवलं. तो नम्रच, म्हणाला, "ठीक आहे, तेच करारात लिहू. श्री. बेहेरे हयात असेपर्यंत जुनी हमी कंपनी पाळेल, त्यानंतर ती संपेल. आपण खर्च काढू. लाज गेली की मागणं दुप्पट होईल असं धरू. जास्तीची पाच हजार कलमं वर्षाला, एकेक तयार करायला साठ रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाख. पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या भावात आणायला पंधरा टक्के दर धरू." मग तो थोडा अडखळला. "फक्त मुदत लागेल. किती वर्षं धरायची?"

"मी बघते," म्हणाले.

आयुर्मानाचे तक्ते असतात, विमा कंपन्या वापरतात तसे. एकाहत्तर वर्षांच्या पुरुषाला सरासरी साधारण बारा वर्षं. मी शीटमध्ये ओळ घातली, 'मुदत', आणि पुढे बारा लिहिलं. खालचा आकडा आपोआप बदलला. वजावट सव्वासोळा लाख, किंमत सत्तावीस लाख चौऱ्याहत्तर हजार. मी हिशेब सुधारायला गेले नसते तर तेहतीस मिळत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. 

रविवारी लॅपटॉप घेऊन घरी गेले. सत्तावीसचा आकडा सांगितला. बाबांनी चष्मा लावला आणि ओळी एकेक करून वाचल्या. मला वाटलं, साठ रुपयांवर बोलतील, पाच हजारांवर बोलतील. त्यांचं बोट 'मुदत'वर थांबलं.

"हे बारा काय?"

"वर्षं."

"कसली?"

मी सांगितलं. सांगताना मी खिडकीतून बाहेर बघत होते.

"बारा फार होतात," बाबा म्हणाले. आवाज अगदी गिऱ्हाइकाशी बोलतानाचा. "बारा कोणी सांगितली तुला? कमी केली की किंमत वाढते ना? सात घाल बघू."

"बाबा, नको."

"घाल गं. बघू तर."

मी सात घातलं. साडेएकतीस. त्यांनी पाच घालायला लावलं. तेहतीस चौऱ्याण्णव. त्यांनी चष्मा पुसला. "चार."

पस्तीस लाख त्रेचाळीस हजार.

"झालं तर मग," बाबा म्हणाले. "चार धर."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आणि पाचव्या वर्षी हे असले," ती म्हणाली, "तर पैसे परत मागतील काय ते?"

"नाही आई. एकदा दिले की दिले. जास्त जगले तर तोटा कंपनीचा."

"मग हरकत नाही," आई म्हणाली. पण दारातून हलली नाही.

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणावर काढायचा हे कळत नव्हतं. मी शेवटचा उपाय म्हणून माझं काम पुढे केलं. म्हटलं, बाबा, तुम्ही म्हणता म्हणून चार होत नाहीत. जास्त जगलात तर तोटा त्यांचा, म्हणूनच सलिल पुरावा मागणार. आपल्या मर्जीने आयुष्य कमी लिहून चालत नाही, तक्त्यात बारा आहेत तर बाराच. नाही तर काहीतरी वैद्यकीय आधार लागतो. आपल्याकडे तो नाही.

मी हे बोलले तेव्हा मला वाटत होतं की मी त्यांना वाचवत्ये.

बाबा उठले. गुडघ्यांवर हात न ठेवता, सरळ उठले. कपाटाच्या वरच्या खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पाकीट आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. आई म्हणाली, "अहो," आणि ते म्हणाले, "असू दे. आता उपयोगी पडतंय."

रत्नागिरीतल्या एका हृदयरोगाच्या दवाखान्याचा रिपोर्ट होता. मागच्या ऑक्टोबरचा. मी डॉक्टर नाही, पण आकडे मला वाचता येतात. हृदय पुढे ढकलतं ते रक्त पंचवीस टक्के. खाली छापलं होतं, निरोगी माणसाचं पंचावन्नच्या वर. त्याखाली डॉक्टरांनी हाताने काहीतरी लिहिलेलं होतं, त्यातला 'शस्त्रक्रियेस योग्य नाही' एवढाच भाग मला वाचता आला. माझं ऑफिस त्या दवाखान्यापासून चालत सात मिनिटांवर आहे. ते दोघे एसटीने येऊन, तपासून, परत गेले होते.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय करणार होतीस?" बाबा म्हणाले, आणि ते खरंच विचारत होते. मी विचार केला. काहीच करता आलं नसतं.

मग ते माझ्या शेजारी बसले, रिपोर्ट सपाट केला आणि त्या पंचवीसवर बोट ठेवलं, जसं मघाशी बारावर ठेवलं होतं.

"एवढ्यात चार मान्य करील ना तो? का आणखी काही लागेल?"

मी मोबाइलवर रिपोर्टचा फोटो काढला. पहिला हलला, दुसरा नीट आला. सलिलला पाठवला आणि खाली लिहिलं, मुदत चार वर्षं धरावी, आधार सोबत जोडला आहे. दहा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं. वाईट वाटलं असं त्याने आधी लिहिलं होतं, आणि मग, चार मान्य.

बाबांनी वाचायला मोबाइल हातात घेतला आणि लांब धरून दोनदा वाचला.

"बघ," ते आईला म्हणाले, "झाले की नाही पस्तीस."